सिरियल की कव्हर? परदेशी पेमेंटचे दोन रस्ते

परदेशात डॉलर पाठवायचे ठरले की बँकेच्या पेमेंट डेस्कपुढे दोन रस्ते असतात. एकाला सिरियल म्हणतात, दुसऱ्याला कव्हर. ग्राहकाला फॉर्मवर हा पर्याय दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त चार्जेसचा रकाना: OUR, SHA किंवा BEN, म्हणजे चार्जेस पाठवणाऱ्याने द्यायचे, दोघांनी वाटून घ्यायचे की पैसे घेणाऱ्याने सोसायचे. पण समोरच्याला पूर्ण रक्कम मिळणार की चाळीसेक डॉलर कमी, पेमेंट अडकलं तर कुठे अडकलं हे किती लवकर कळणार, आणि मधल्या काळात कोणाचे पैसे धोक्यात असणार, हे बरंचसं या न दिसणाऱ्या निवडीवर ठरतं.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी: लहान-मध्यम बँकेत राउटिंगचे नियम ठरवणारे, आणि कंपनीत पेमेंट बघणारे, ज्यांना आपल्या बँकेला "हे तुम्ही कुठल्या मार्गाने पाठवलंत?" असं विचारायचं असतं. "दोन्हींचे फायदे-तोटे आहेत" एवढं सांगून मी मोकळा होणार नाही. माझं मत असं की लहान बँकेने सिरियल हा मूळ नियम ठेवावा, आणि कव्हर ठरावीक, नीट माहीत असलेल्या बँकांपुरतंच वापरावं. का, ते पुढे येईलच.

पैसे जात नाहीत, नोंदी बदलतात

समजा, अ बँकेच्या ग्राहकाला दुसऱ्या देशातल्या ड बँकेच्या ग्राहकाला 80,000 डॉलर द्यायचे आहेत. दोन्ही देशांचं चलन डॉलर नाही. अ बँकेकडे डॉलर आहेत, पण ते तिच्या तिजोरीत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या ब बँकेत तिने उघडलेल्या खात्यात आहेत. अ बँकेच्या दृष्टीने हे खातं नॉस्ट्रो. तेच खातं ब बँकेच्या दृष्टीने व्होस्ट्रो. ड बँकेचंही असंच डॉलर खातं न्यूयॉर्कमधल्या क बँकेत आहे.

खातं एकच असलं तरी त्याची पुस्तकं दोन असतात. ब बँकेच्या पुस्तकात ती दुसऱ्याची ठेव, म्हणजे देणं. अ बँकेच्या पुस्तकात तीच शिल्लक मालमत्ता. म्हणून अ बँक आपल्याकडे त्याचं मिरर खातं ठेवते. पेमेंट पाठवताना अ बँक ग्राहकाचं खातं नावे टाकते आणि मिरर खात्यात जमा नोंद करते, तर ब बँक तोच व्यवहार व्होस्ट्रो खात्याला नावे टाकते. रिकन्सिलिएशनला नवीन आलेला माणूस पहिला आठवडा याच उलटापालटीत घालवतो. स्टेटमेंटवर नावे दिसलं की तो आपल्या पुस्तकातही नावे शोधायला लागतो, आणि ते तिथे नसतं.

आता 80,000 डॉलर "पोहोचवायचे" म्हणजे काय करायचं? ब बँकेतल्या अ बँकेच्या खात्यातून 80,000 कमी करायचे आणि क बँकेतल्या ड बँकेच्या खात्यात तेवढे वाढवायचे. ब आणि क यांच्यातला हिशोब अमेरिकेच्या आतच मिटतो. एक मार्ग फेडवायर, म्हणजे फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यांवर एकेक व्यवहार थेट मिटवणं. दुसरा चिप्स, जिथे आधी ठेवलेल्या निधीवर देणी-घेणी एकमेकांत वजा होत मिटतात. स्विफ्ट यात पैसे हलवत नाही. ते संदेशांचं जाळं आहे. कोणाच्या खात्यातून काढायचे आणि कोणाला द्यायचे ही सूचना तिथून जाते. सिरियल आणि कव्हर यांतला सगळा फरक या सूचना कोणत्या वाटेने जातात, यातच आहे.

जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून "एमटी एकशेतीन" आणि "दोनशेदोन कव्ह" येतं. नोव्हेंबर 2025 मध्ये बँकाबँकांतल्या सीमापार पेमेंट सूचनांसाठी जुन्या आणि नव्या संदेशांचा एकत्र वावर संपला. ग्राहकाच्या पेमेंटसाठी `pacs.008` आणि बँकेकडून बँकेला निधी हलवण्यासाठी `pacs.009` हे आता प्रमाण आहे. मी खाली नवीच नावं वापरतो. डेस्कवर कोणी जुनी नावं घेतली तरी गोष्ट तीच.

सिरियल: साखळीतून एकच सूचना

सिरियलमध्ये सूचना आणि पैसा हातात हात घालून जातात. अ बँक `pacs.008` ब बँकेला पाठवते. त्यात पाठवणारा, लाभार्थी, ड बँक, रक्कम, कारण, सगळं असतं. ब बँक पडताळणी करते, अ बँकेचं व्होस्ट्रो नावे टाकते आणि तीच माहिती घेऊन फेडवायर किंवा चिप्सवरून क बँकेला पुढची सूचना देते. क बँक ड बँकेच्या खात्यात जमा करते आणि ड बँकेला `pacs.008` पाठवते. ड बँक आपल्या ग्राहकाच्या खात्यात जमा करते.

प्रत्येक टप्प्यावर संदेशात सेटलमेंटची पद्धत लिहिलेली असते. वरच्या तीन टप्प्यांत ती अशी दिसते:

```
अ ते ब : <SttlmMtd>INDA</SttlmMtd>
ब ते क : <SttlmMtd>CLRG</SttlmMtd>
क ते ड : <SttlmMtd>INGA</SttlmMtd>
```

`INDA` म्हणजे खातं सूचना घेणाऱ्याकडे आहे. अ बँकेचं खातं ब बँकेत असल्यामुळे पहिल्या टप्प्यावर हे बरोबर. `INGA` म्हणजे खातं सूचना देणाऱ्याकडे आहे. ड बँकेचं खातं क बँकेत असल्यामुळे शेवटच्या टप्प्यावर हे येतं. मध्ये `CLRG`, म्हणजे क्लिअरिंग व्यवस्थेतून. नॉस्ट्रो आणि व्होस्ट्रो नक्की कोणाकडे आहे, हे पुस्तकी व्याख्येपेक्षा या तीन ओळींवरून चटकन समजतं असा माझा अनुभव आहे.

सिरियलची सगळ्यात मोठी जमेची बाजू ही की ड बँकेपर्यंत सूचना पोहोचते तेव्हा पैसे तिच्या खात्यात आलेलेच असतात. "सूचना आली, पैसे कुठे आहेत?" हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिवाय अ बँकेचा संबंध फक्त ब बँकेशी येतो. ड बँक जगाच्या पाठीवर कुठेही असो, अ बँकेशी तिची ओळख असण्याची गरज नाही.

दुबळी बाजू म्हणजे कापाकापी. धरून चला की पेमेंट SHA आहे, ब बँक 15 डॉलर घेते आणि क बँक 20. हे पैसे त्या मूळ रकमेतूनच काढतात. अ बँकेकडून 80,000 निघाले, ब बँकेकडून 79,985 पुढे गेले, ड बँकेकडे 79,965 पोहोचले. ड बँकेने स्वतःचे 10 डॉलर घेतले की पुरवठादाराच्या खात्यात 79,955 दिसतात. संदेशात मूळ 80,000 चा आकडा `InstdAmt` मध्ये तसाच टिकतो आणि कोणी किती कापलं ते `ChrgsInf` मध्ये नोंदलं जातं, त्यामुळे शोधायचं म्हटलं तर सगळं सापडतं. पण पुरवठादाराच्या हिशोबाला इनव्हॉइसची रक्कम जशीच्या तशी लागत असेल, तर 45 डॉलरसाठी माल अडकून पडतो. 80,000 च्या व्यवहारात 45 डॉलर म्हणजे काहीच नाही, हे तिथल्या सिस्टीमला पटवता येत नाही.

"मग OUR निवडू, सगळे चार्जेस आम्ही देऊ", असं ग्राहक म्हणतो. त्याचा समज असा की OUR म्हणजे पूर्ण रकमेची हमी. सिरियलमध्ये ती पूर्ण खात्री नसते. OUR असताना ब बँक आपले चार्जेस अ बँकेकडून वेगळे घेते, आणि क बँकेने आपले ब बँकेकडे मागायचे असतात. वीस डॉलरसाठी दावा पाठवणं, तो मंजूर होणं, मग नोंद मिटवणं, याचा खर्च कधी कधी वीस डॉलरपेक्षा जास्त होतो. म्हणून साखळीतली एखादी बँक सरळ मूळ रकमेतूनच कापून मोकळी होते. ब आणि क सारख्या, दुसऱ्या बँकांची खाती सांभाळणाऱ्या बँकांना करस्पाँडंट म्हणतात; बऱ्याच मोठ्या करस्पाँडंट बँका ठरावीक जास्त शुल्क घेऊन पूर्ण रक्कम पोहोचवण्याची वेगळी सेवा देतात. ती सेवा तुमच्या बँकेने घेतली आहे का, आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंत लागू आहे, हे विचारण्यासारखं आहे. फक्त OUR वर खूण केल्याने ती आपोआप मिळत नाही.

कव्हर: सूचना एका वाटेने, पैसे दुसऱ्या

कव्हरमध्ये अ बँक दोन संदेश पाठवते. पहिला `pacs.008` थेट ड बँकेला: "तुमच्या या ग्राहकाला 80,000 द्या, पैसे तुमच्या क बँकेतल्या खात्यात येत आहेत." दुसरा `pacs.009` चा कव्हर प्रकार ब बँकेला: "आमच्या खात्यातून 80,000 काढा आणि क बँकेतल्या ड बँकेच्या खात्यात द्या." ड बँकेला गेलेल्या संदेशात सेटलमेंट पद्धत `COVE` असते, आणि पैसे कोणाकडून कोणाकडे येणार हेही त्यात असतं:

```
<SttlmMtd>COVE</SttlmMtd>
<InstgRmbrsmntAgt> … ब बँकेचा बिक … </InstgRmbrsmntAgt>
<InstdRmbrsmntAgt> … क बँकेचा बिक … </InstdRmbrsmntAgt>
```

ब बँक अ बँकेचं व्होस्ट्रो नावे टाकते, क्लिअरिंगमधून क बँकेला देते, क बँक ड बँकेच्या खात्यात जमा करते आणि तिला जमेची सूचना, म्हणजे `camt.054`, पाठवते. ड बँकेच्या हातात आता दोन कागद आहेत: अ बँकेने सांगितलेलं पेमेंट आणि क बँकेने कळवलेली जमा. दोन्हींवर UETR हा एकच 36 अक्षरांचा क्रमांक असतो. तो जुळवला की पेमेंट पूर्ण.

इथे ब आणि क बँकेसमोरचा व्यवहार बँकेकडून बँकेला निधी हलवण्याचा असतो, त्यामुळे त्या मूळ रकमेतून कापत नाहीत. आपलं शुल्क त्या आपापल्या खातेदार बँकेला वेगळं लावतात. आपल्या उदाहरणात ड बँकेकडे 80,000 पूर्ण येतात. SHA असेल तर ड बँक आपले 10 डॉलर घेईल, म्हणजे पुरवठादाराला 79,990. सिरियलच्या 79,955 शी तुलना करा. रक्कम पूर्ण पोहोचणं हीच अट असेल तर कव्हर स्पष्टपणे सरस आहे.

दुसरा फायदा वेळेचा. अ बँकेचा `pacs.008` काही क्षणांत ड बँकेत पोहोचतो, न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी मध्यरात्र असली तरी. लाभार्थ्याचं नाव आणि खाते क्रमांक जुळत नाही, एखादं कागदपत्र हवं आहे, असल्या गोष्टी ड बँक निधी यायच्या आधीच हाताळू शकते. सिरियलमध्ये हेच प्रश्न शेवटी, सगळे टप्पे पार झाल्यावर उपटतात. यामुळे पैसे लवकर येतात असं मात्र नाही. निधी हलतो तो न्यूयॉर्कच्या घड्याळानेच. फेडवायर त्यांच्या वेळेप्रमाणे आदल्या रात्री नऊला उघडतं आणि संध्याकाळी सातला बंद होतं, आणि ब बँकेची स्वतःची कट-ऑफ वेळ त्याहून आधी असते.

कव्हरची एक अट लहान बँकांना नडते. अ बँकेने ड बँकेला थेट संदेश पाठवायचा तर स्विफ्टवर दोघींमध्ये एकमेकींचे संदेश स्वीकारण्याची परवानगी हवी. त्याला आरएमए म्हणतात. ही परवानगी म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही. समोरची बँक कोण, तिचे मालक कोण, मनी लाँडरिंगविरोधी व्यवस्था कशी, हे तपासून ती द्यायची आणि नंतर वेळोवेळी पुन्हा तपासत राहायची. या तपासणीचा खर्च परवडेना म्हणून अनेक बँकांनी जुन्या आरएमए बंद केल्या आहेत. करस्पाँडंट नातीही आटत गेली आहेत. 2011 ते 2018 या काळात जगभरातल्या सक्रिय करस्पाँडंट बँकांची संख्या सुमारे 20 टक्क्यांनी घटली. त्यामुळे एखाद्या लहान बँकेला कव्हर हवं असलं तरी समोरच्या बँकेशी तिची वाटच उघडी नसते.

कव्हरचा इतिहास थोडक्यात, कारण तो आजही नियम समजावतो

2009 च्या नोव्हेंबरपर्यंत कव्हरसाठी साधा बँकाबँकांतला संदेश वापरत. त्यात मूळ ग्राहकांची नावं नसत. ब आणि क बँकेला दिसायचं एवढंच की एक बँक दुसऱ्या बँकेला पैसे देते आहे. निर्बंध यादीतल्या माणसाचं नाव त्यात लपलं तर त्यांना कळायला मार्ग नव्हता. बासेल समितीने मे 2009 मध्ये या अपारदर्शकतेवर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूळ पाठवणारा व लाभार्थी यांची माहिती सोबत नेणारा वेगळा कव्हर संदेश आला. आजच्या `pacs.009` कव्हरमध्ये हीच माहिती `UndrlygCstmrCdtTrf` या भागात असते. तेव्हा "कव्हरमध्ये स्क्रीनिंग कमी होतं" हा समज आता खरा नाही. साखळीतली प्रत्येक बँक नावं बघतेच.

उलट एक नवी काळजी आली. तीच माहिती दोन संदेशांत दोन वाटांनी जाते. अ बँकेच्या सिस्टीमने एका संदेशात पत्ता पूर्ण लिहिला आणि दुसऱ्यात अर्धवट, तर ब बँकेचं स्क्रीनिंग अडतं आणि ड बँकेचं सुटतं. हा दोष अ बँकेच्या सिस्टीममध्येच शोधायचा असतो. करस्पाँडंटला फोन करून काही उपयोग नाही.

अडकतं कुठे

कव्हरचा नेहमीचा आजार: सूचना पोहोचली, पैसे नाहीत. याची एक खूप सामान्य घटना बघू.

अ बँकेकडे ड बँकेच्या सेटलमेंट सूचनांची जुनी नोंद आहे, त्यात डॉलरसाठी एका जुन्या करस्पाँडंटचं नाव आहे. ड बँकेने ते खातं बंद करून क बँकेकडे नवीन उघडलं. कळवलंही, पण अ बँकेच्या यादीत बदल झाला नाही. सोमवारी अ बँक ड बँकेला `pacs.008` पाठवते आणि ब बँकेला कव्हर. ब बँक 80,000 काढून जुन्या करस्पाँडंटकडे देते. तिथे ड बँकेचं खातंच नाही. ती बँक आधी शोधते, मग `pacs.004` ने परत करते. हे परत येणं कधी त्याच दिवशी होतं, कधी दोन-तीन दिवसांनी, आणि परतीची रक्कम चार्ज कापून आलेली असू शकते.

इकडे ड बँकेत `pacs.008` बसून आहे. पुरवठादार आपल्या बँकेला विचारतो तर उत्तर येतं, "पेमेंट आलंय, पण कव्हर नाही." पाठवणारा आपल्या बँकेला विचारतो तर उत्तर येतं, "आमच्याकडून गेलंय, खात्यातून वजा झालंय." दोघेही खरंच सांगतात. अशी जोडी उत्तरं ऐकली की कव्हर अडकलंय असं समजायला हरकत नाही.

हे ओळखायला आता ट्रॅकर आहे. स्विफ्टची जीपीआय सेवा 2017 मध्ये सुरू झाली आणि UETR नोव्हेंबर 2018 पासून सगळ्या पेमेंटसाठी सक्तीचा झाला. लाभार्थ्याच्या खात्यात पैसे जमा झाले की `ACCC` दिसतं. पेमेंट वाटेत असेल तर `ACSP` आणि त्यापुढे कारण. त्यात `G003` म्हणजे लाभार्थ्याकडून कागदपत्रं येणं बाकी, आणि `G004` म्हणजे ड बँक निधीची वाट बघतेय. `G004` दिसलं की ड बँकेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अ बँकेने ब बँकेकडे आणि मग पुढे बघायचं. कंपनीतल्या मंडळींसाठी एवढंच सांगेन की बँकेला "पैसे कुठे आहेत?" असं मोघम विचारू नका. UETR मागा, आणि ट्रॅकरवरची स्थिती व कारणाचा कोड मागा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं.

कव्हरमधला दुसरा धोका ड बँकेचा आहे. ओळखीच्या अ बँकेकडून सूचना आली, ग्राहक मोठा आहे, म्हणून ड बँकेने कव्हर यायच्या आधीच त्याच्या खात्यात जमा केले, तर तेवढ्या काळासाठी तिने अ बँकेला विनातारण उधारी दिली. मध्येच ब बँकेने निर्बंधांमुळे निधी गोठवला तर तो पुढेही जात नाही आणि अ बँकेकडे परतही येत नाही. ड बँकेचे पैसे मात्र ग्राहकाने तोवर काढलेले असतात. म्हणून सावध बँका कव्हर जुळेपर्यंत थांबतात. आणि थांबल्या की कव्हरचा "लवकर पोहोचतं" हा फायदा बराचसा उरत नाही. माझ्या मते कव्हरच्या बाजूने सांगितला जाणारा वेगाचा मुद्दा इथेच ढिला पडतो.

सिरियलही अडकतंच. ब किंवा क बँकेत स्क्रीनिंगला नाव लागलं की पेमेंट तिथे थांबतं, आणि ड बँकेला त्याची खबरही नसते. पण पेमेंट एकाच ठिकाणी असतं आणि ट्रॅकरवर शेवटची बँक कोण तेही दिसतं. ड बँकेचे पैसे धोक्यात नसतात. दुरुस्तीचं उत्तर द्यायचं तर ते एकाच साखळीतून जातं.

पेमेंट परत मागवताना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. ग्राहकाने चुकीच्या खात्यावर पाठवलं आणि तासाभरात लक्षात आलं, तर सिरियलमध्ये `camt.056` ही रद्द करण्याची विनंती ब बँकेला जाते आणि पेमेंट जिथे असेल तिथपर्यंत पुढे सरकते. कव्हरमध्ये दोन विनंत्या लागतात. `pacs.008` साठी ड बँकेला, निधीसाठी ब बँकेला. एक थांबली आणि दुसरी सुटली तर गोंधळ दुप्पट: सूचना रद्द झाली पण 80,000 ड बँकेच्या खात्यात येऊन पडले, कोणाचे ते ठरवायला पुन्हा पत्रव्यवहार. उत्तर `camt.029` ने येतं, आणि दोन्हीकडून उत्तर येईपर्यंत फाइल बंद करता येत नाही.

नॉस्ट्रोच्या शिल्लकीचं काय?

दोन्ही रस्त्यांत अ बँकेच्या ब बँकेतल्या खात्यात 80,000 असायलाच हवेत, त्यामुळे शिल्लकीच्या दृष्टीने मोठा फरक नाही. फरक पडतो रिकन्सिलिएशनमध्ये. ब बँकेचं दिवसअखेरचं स्टेटमेंट `camt.053` म्हणून येतं. कव्हरमध्ये मिरर खात्यातली 80,000 ची नोंद आणि स्टेटमेंटमधली 80,000 ची नोंद सरळ जुळते, शुल्क सहसा महिन्याच्या बिलात एकत्र येतं. सिरियलमध्ये OUR असेल तर 80,000 जुळतात, पण चार दिवसांनी 20 किंवा 25 डॉलरचा एक चार्ज येऊन पडतो, आणि तो कोणत्या पेमेंटचा हे UETR वरून शोधावं लागतं. पाचदहा पेमेंट असतील तर हे कोणी मनावर घेत नाही. रोजची शेकडो असतील तर या लहान उघड्या नोंदींचा ढीग साठतो, आणि ढिगात खरी चूक लपते.

मग काय निवडायचं

सगळ्यात आधी बघा की अ आणि ड दोन्ही बँकांचं डॉलर खातं एकाच करस्पाँडंटकडे आहे का. म्हणजे ब आणि क एकच. तसं असेल तर 80,000 एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुस्तकातल्या पुस्तकात हलतात, क्लिअरिंग लागत नाही, मधली एक कापाकापी संपते. अशा वेळी सिरियलच घ्या. कव्हरने फारसं काही मिळत नाही, वर दुसरा संदेश सांभाळावा लागतो. हे तपासायला ड बँकेच्या सेटलमेंट सूचना पुरेशा असतात, तरीही फार थोडे लोक तपासतात. त्याचप्रमाणे अ बँकेचं खातं थेट ड बँकेतच असेल, जसं ड बँकेच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे असताना बरेचदा असतं, तर हा सगळा वादच मिटतो. एक `pacs.008`, पद्धत `INDA`, झालं.

अ बँकेचं स्वतःचं डॉलर नॉस्ट्रो नसेल आणि ती दुसऱ्या मोठ्या बँकेच्या खात्यातून पाठवत असेल, तर साखळीत आणखी एक टप्पा वाढतो आणि व्यवहारात सिरियलच उरतं. तेव्हा खर्ची पडणारी शक्ती मार्गापेक्षा चार्जेसच्या वाटाघाटीत लावलेली बरी. न्यूयॉर्कच्या बँकेलाही कळलेलं असलं पाहिजे की या खात्यातून आणखी एका बँकेचे ग्राहक पैसे पाठवतात. ते लपवलं तर एक दिवस खातंच जातं.

अनोळखी बँक, पहिल्यांदाच जाणारं पेमेंट, मध्यम रक्कम, आणि चाळीस-पन्नास डॉलर कमी गेले तरी चालेल अशी स्थिती असेल तर सिरियल. पूर्ण रक्कम पोहोचणं करारात लिहिलेलं असेल, ड बँकेशी आरएमए आहे, तिच्या सेटलमेंट सूचना तुम्ही नेमाने ताज्या करता, आणि तिच्याकडे कव्हर जुळवायला चांगला डेस्क आहे, तर कव्हर. या चारांपैकी सेटलमेंट सूचना ताज्या असण्याची अट जर तुम्ही खात्रीने पूर्ण करू शकत नसाल तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही, कारण कव्हर अडकायचं म्हटलं की फार वेळा तिथेच अडकतं.

कंपनीने बँकेला विचारायचं तर तीनच गोष्टी विचाराव्यात. या देशात, या चलनात पाठवताना तुम्ही सिरियल वापरता की कव्हर? सिरियल असेल तर पूर्ण रकमेची हमी देणारी सेवा घेतली आहे का, आणि ती क बँकेच्या पुढेही लागू होते का? आणि पाठवल्याच्या दिवशीच UETR लेखी मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही गोड असली तरी पेमेंट मोठं असेल तेव्हा दुसरी बँक बघा. UETR पेमेंट निघतानाच तयार होतो, तो द्यायला त्यांना काहीच लागत नाही.